बरं वाटावं म्हणून सोडलेला गहू तपासणीसाठी पुन्हा खावा लागला

पहिली तक्रार पोटाची नव्हती, रक्ताची होती. डिचोलीच्या शाळेत दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत मला धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.8 आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त 4. एका दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 8.1 होतं. दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या, तरी 8.3 च. मी गोळ्या चुकवते, अशी डॉक्टरांची समजूत झाली. मी एकही गोळी चुकवली नव्हती, आणि हे पटवून देताना मला रडू आलं होतं.

मग चुलत जावेने सांगितलं, "एकदा गहू सोडून बघ." तिच्या माहेरी कुणाला तरी त्याने गुण आला होता. मी चपाती, पाव, पोई, शिरा सगळं बंद केलं. आमच्या घरात भात, पेज आणि मासळी रोजचीच, त्यामुळे फारसं जड गेलं नाही. दोन महिन्यांत पोट फुगणं थांबलं आणि वर्षानुवर्षं सकाळी होणारे सैल जुलाब बंद झाले. मला वाटलं, सुटले. सात महिने मी अशीच राहिले.

बरं वाटत होतं, पण ते कशामुळे, हे माहीत नव्हतं. हिमोग्लोबिन चढायला लागलं होतं, तरी वजन अजून कमीच होतं. म्हणून पणजीतल्या पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होते, तो सीलिअ‍ॅक आजार आहे का, हे बघायला त्यांनी टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी सांगितली. लॅबची सामान्य आकड्याची मर्यादा 20 होती, माझा आकडा 11 आला. अहवाल पाहून सीलिअ‍ॅक नाही म्हणून मी खूश झाले. डॉक्टरांनी मात्र विचारलं, "गेल्या सात महिन्यांत गहू किती खाल्लात?"

"अजिबात नाही."

"मग हा अहवाल काहीच सांगत नाही," ते म्हणाले.

ते मला पहिल्यांदा पटलं नाही. त्यांनी कागदावर चित्र काढून जे समजावलं ते आता मी दुसऱ्यांना सांगते, म्हणून इथेही नीट लिहिते.

गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन आपल्या पाचक रसांनी पूर्ण तुटत नाही. त्याचे लांबट तुकडे लहान आतड्याच्या आवरणाखाली पोचतात. तिथे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं आपलंच एक एन्झाइम असतं. जखम भरून काढायला प्रथिनं एकमेकांना जोडणं हे त्याचं एरवीचं काम. ते ग्लुटेनच्या तुकड्यातल्या ग्लुटामीनचं रूपांतर ग्लुटामिक आम्लात करतं आणि तुकड्यावर ऋण भार येतो. काही माणसांच्या पेशींवर एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 असतं. हे रेणू म्हणजे रोगप्रतिकारक पेशींपुढे तुकडा धरून दाखवणारे हात. त्यांच्या खोबणीत हा ऋण भाराचा तुकडा घट्ट बसतो. टी पेशींना तो शत्रू वाटतो, त्या दाह सुरू करतात, आणि त्या गोंधळात खुद्द ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धही अँटिबॉडी तयार होतात. टीटीजी तपासणी मोजते त्या याच.

ग्लुटेन बंद केलं की चिथावणी थांबते आणि अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात. आतडंही हळूहळू भरू लागतं. माझा 11 हा निरोगी माणसाचा आकडा होता की आजार शांत झालेल्या माणसाचा, हे त्या कागदावरून कुणालाही सांगता येत नव्हतं. खरं-खोटं करायचा रस्ता मी स्वतःच बंद करून टाकला होता.

पुढची पायरी मला आवडली, कारण तिच्यात पथ्याचा संबंधच येत नाही. एचएलए जन्मतः ठरतं, गहू खा वा सोडा, ते बदलत नाही. डॉक्टरांनी ती तपासणी आधी करायला लावली. डीक्यू2 आणि डीक्यू8 दोन्ही नसते तर सीलिअ‍ॅकची शक्यता जवळजवळ संपली असती आणि पुढचा त्रास वाचला असता. माझं डीक्यू2 आलं. पण त्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. साधारण दर तीन माणसांत एकाकडे यातलं काहीतरी असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. उत्तर भारतात गहू जास्त खाल्ला जातो आणि तिथे हा आजारही जास्त सापडतो. आपल्याकडे भात जास्त, म्हणून कदाचित डॉक्टरांच्या मनातही तो उशिरा येतो. हे माझं मत.

आता एकच मार्ग उरला होता. गहू पुन्हा खायचा, मोजून आणि रोज, आठ आठवडे. दिवसाला किमान तीन ग्रॅम ग्लुटेन हवं होतं. रोज सकाळी दोन पाव खाल्ले की ते सहज भरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ज्या पदेराचा हॉर्न ऐकला की मी मुलीला गेटवर पाठवायची, त्याच्याकडून आता मी स्वतःसाठी पाव घेऊ लागले. पहिल्या चार दिवसांत काही झालं नाही. दहाव्या दिवसापासून पोट ढोलासारखं ताणायचं, शाळेत तिसऱ्या तासाला बाहेर जावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगो बाय, मुद्दाम का आजारी पडतेस?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहन होत नसेल तर कळवा, दोन-तीन आठवड्यांतही तपासता येतं. मी पूर्ण मुदत काढली, कारण पुन्हा अर्धवट उत्तर नको होतं.

आठ आठवड्यांनी टीटीजी 71 आलं. सोबत एकूण आयजीएही मोजलं, ते सामान्य होतं. ही जोडी महत्त्वाची आहे. सीलिअ‍ॅकच्या शंभर रुग्णांत दोन-तीन जणांना आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकारच बनवता येत नाही. त्यांचा टीटीजी-आयजीए आजार असूनही खोटाच कमी दिसतो, मग आयजीजी प्रकारची तपासणी करावी लागते.

त्यानंतर एंडोस्कोपी झाली. घशात फवारा, हलकी झोप, पंधरा मिनिटं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून सहा तुकडे घेतले, चार खालच्या भागातून आणि दोन अगदी वरच्या फुगीर भागातून. इजा ठिपक्याठिपक्यांची असू शकते, एकच तुकडा घेतला तर नेमका बरा भाग हाताला लागू शकतो.

अहवालात 'मार्श 3बी' लिहिलं होतं, म्हणजे आतड्याला बरीच इजा झालेली. डॉक्टरांनी दोन छायाचित्रं शेजारी ठेवली. निरोगी आतड्यात विलाय, म्हणजे अन्न शोषून घेणारे बोटांसारखे बारीक उंचवटे, ढोपरभर भातासारखे उभे होते, लांब, दाट, एकमेकांना लागून. माझ्यात कापणीनंतरचे खुंट उरले होते, आणि त्यांच्या मुळाशी खोल खड्डे. आवरणात निळ्या ठिपक्यांसारख्या लिम्फोसाइट पेशी गर्दी करून बसल्या होत्या. लोह मुख्यतः आतड्याच्या याच पहिल्या भागात शोषलं जातं. मी दोन वर्षं गिळलेल्या गोळ्यांना उतरायला जागाच नव्हती. ते चित्र बघून मला दुःखापेक्षा सुटका जास्त वाटली. गोळ्या मी चुकवल्या नव्हत्या, हे तिथे दिसत होतं.

त्या दिवसापासून पथ्य सुरू झालं, आणि या वेळी ते खरं पथ्य होतं. आधी मी फक्त गव्हाचे पदार्थ टाळले होते. आता कळलं की डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि आमच्या आमटीला रोज हिंगाची फोडणी. जवातही तसंच प्रथिन असतं, त्यामुळे माल्ट घातलेली पेयंही गेली. दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लुटेन महिनोन्महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. पावाचा छोटासा तुकडाही त्याहून जास्त भरतो, म्हणून पाव कापायची सुरी वेगळी केली. पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, हेही तेव्हाच समजलं.

तरीही सहा महिन्यांनी टीटीजी 44 होतं. उतरलं होतं, पण अपेक्षेएवढं नाही. मी सगळं लिहून ठेवत होते, ती वही आहारतज्ज्ञ बाईंपुढे ठेवली. त्यांनी नाचणीच्या भाकरीवर बोट ठेवलं. "पीठ कुठे दळता?" बाजारातल्या गिरणीत. नाचणी मी घरून धुऊन, वाळवून न्यायचे, पण तिथे माझ्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असायचा, आणि जात्यात राहिलेलं पीठ माझ्या डब्यात उतरायचं. आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात आजवर तांदूळ, नाचणी आणि ज्वारी सोडून काही पडलेलं नाही. वर्ष भरलं तेव्हा टीटीजी 16, हिमोग्लोबिन 12.2. मोठ्या माणसांत विलाय पूर्ण उभे राहायला दोन वर्षंही लागतात, कधी त्याहून जास्त, त्यामुळे मधल्या तपासण्या चालूच आहेत. हाडांची घनताही मोजून घेतली.

मग प्रश्न आला घरच्यांचा. आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात सुमारे दहातल्या एकाला हा आजार निघू शकतो. माझ्या भावाकडे डीक्यू2 नाही, डीक्यू8 ही नाही, त्याची काळजी तिथेच संपली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीकडे डीक्यू2 आहे. तिचं टीटीजी सध्या सामान्य आहे. दोन-तीन वर्षांनी, किंवा वाढ खुंटली, रक्त कमी झालं तर त्याआधीच, ते पुन्हा पाहायचं.

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, आत्तापासूनच तिचा गहू बंद करूया. मी नाही म्हटलं. तिने गहू सोडला तर पुढची तपासणी माझ्या 11 सारखीच मुकी येईल. त्यामुळे सकाळी हॉर्न वाजला की ती अजूनही गेटवर जाते. तिचे दोन पाव, तिची सुरी आणि तिचा लाकडी पाट खिडकीशेजारी वेगळे असतात, आणि माझी भाकरी चुलीच्या दुसऱ्या बाजूला.