कास्टिंगवर उमटलेली जाळी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी पंपाच्या झाकणाचा पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, थ्रीडी प्रिंट करून दिला होता. लांबी 160, रुंदी 110, उंची 40 मिलिमीटर. मटेरियल पीएलए, दोन भिंती, वर चार थर, आत 15 टक्के ग्रिड इनफिल, म्हणजे पोकळीत चौकड्यांच्या जाळीची भरण. 160 ग्रॅम फिलामेंट आणि साडेनऊ तास लागले. लेअर 0.2 मिलिमीटरची. हातात घेतला तर दणकट वाटत होता.

आठवड्याभरात तिथले मिस्त्रीकाका उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यावर आले. पिशवीतून एक कास्टिंग काढून टेबलावर ठेवलं. "हे बघा काय झालंय. सपाट पाहिजे तिथं जाळी उमटलीया." खरंच, वरच्या सपाट पृष्ठभागावर चौकड्यांची बारीक जाळी दिसत होती. पॅटर्नही त्यांनी सोबत आणला होता. वाळूचे चाळीस-एक मोल्ड त्याच्यावर निघाले होते, आणि दाबयंत्राच्या प्लेटखाली वाळू दाबताना त्याची कातडी चौकडीचौकडीनं आत बसली होती.

माझा पहिला संशय गरम वाळूवर गेला. पीएलए साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि परतीची वाळू कधी कधी चांगलीच तापलेली असते. पण तसं असतं तर पॅटर्न सगळाच वाकला असता, कडा ढळल्या असत्या. कडा तर एकदम सरळ होत्या. मग व्हर्नियर काढून कास्टिंगवरच्या रेघांमधलं अंतर मोजलं. बरोबर 6 मिलिमीटर. ग्रिडमध्ये हे अंतर कागदावर काढता येतं: रेघेच्या रुंदीची दुप्पट भागिले घनता. माझी रेघ 0.45 मिलिमीटरची, म्हणजे 0.9 भागिले 0.15, सहाच. आतला सांगाडा शाबूत होता. 6 मिलिमीटरच्या चौकटीवर ताणलेली 0.8 मिलिमीटरची कातडी तेवढी दबली होती.

"मग आत भरपूर भरा की," काका म्हणाले. मलाही आधी तेच सुचलं. प्रिंटचे थर आखणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरमध्ये इनफिल 60 टक्के टाकलं, तर 470 ग्रॅम आणि 27 तास. त्यांना पॅटर्न दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता, आणि माझ्याकडे मशीन एकच.

कागदावर हिशोब मांडला. दाबाखाली पातळ पत्रा किती वाकतो ते दोन गोष्टींवर ठरतं. जाडी दुप्पट केली की वाकणं आठपट कमी होतं. आधारांमधलं अंतर निम्मं केलं की सोळापट. सोळापट ऐकायला मोठं वाटतं, पण अंतर निम्मं करायचं तर इनफिल 30 टक्के करावं लागतं आणि त्याला सुमारे 100 ग्रॅम जादा लागतं, कारण ते सगळ्या उंचीभर भरलं जातं. वरचे थर चारचे आठ केले तर फक्त 17 ग्रॅम वाढतं. शिवाय इनफिलच्या पोकळीवरून जाणारे पहिले एक-दोन थर थोडे खाली ओघळतात, त्यामुळे चार थरांतले खरे कामाचे दोन-तीनच असतात, हेही माझ्या लक्षात आलं.

म्हणून आठ थर, तीन भिंती आणि 20 टक्के इनफिल ठरवलं. ग्रिड मात्र सोडलं आणि गायरॉइड ही लाटांची जाळी घेतली. ग्रिडमध्ये एकाच थरात रेघा एकमेकींना ओलांडतात, तिथं नोझल आधीच्या रेघेला घासतं, खडखड करतं आणि उंच भागात एखादी रेघ उपटूनही टाकतं. गायरॉइडमध्ये हे होत नाही. त्याच्या लाटा एका थरात एकमेकींना छेदत नाहीत, आणि दाब कुठूनही आला तरी ताकद जवळपास सारखी मिळते. मशीन सतत वळत राहतं, त्यामुळे थोडा वेळ जास्त जातो. पॅटर्न प्लेटला जिथं स्क्रूनं बसतो, त्या चार भोकांभोवती मात्र स्लायसरमध्ये मॉडिफायर सिलिंडर ठेवून फक्त तिथं इनफिलची घनता 60 टक्के केली. ओढ तिथंच येते, बाकी ठिकाणी ती घनता वाया जाते.

एकूण 220 ग्रॅम, तेरा तास. संध्याकाळी सहाला सुरू केलं आणि पहिले थर नीट चिकटेपर्यंत तिथंच बसलो.

सकाळी साडेसातला काका आले. स्टीलची पट्टी उभी धरून पॅटर्नवर टेकवली आणि खालून उजेड दिसतो का ते बघितलं. "हे ठीक हाय," म्हणाले आणि घेऊन गेले. तीन आठवड्यांनी मीच शिरोलीला गेलो. 300 च्या वर मोल्ड झाले होते, जाळी कुठंच नव्हती. वाळूच्या घासण्यानं एक कोपरा मात्र गोल व्हायला लागला होता. त्यावर इनफिलचा काही इलाज नव्हता. काकांनी तिथं लाखेचा हात मारून ठेवला होता.