कोल्ड स्टोरेजमधला गरम फोन

फेब्रुवारीत आमच्या एम. जी. रोडवरच्या दुकानात पिंपळगाव, ओझरकडची गिऱ्हाइकं संध्याकाळी उशिरा येतात. द्राक्षाचा सीझन असतो, दिवसभर कोणाला हलता येत नाही. त्यातलेच एक सुपरवायझर एका संध्याकाळी आले. पिंपळगाव बसवंतच्या बाजूला निर्यातीच्या द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, तिथे कोल्ड स्टोरेजचं काम बघतात. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, चांगल्यातली बॅटरी टाका. दोन महिन्यांपूर्वीच दुसरीकडे बदलून घेतली होती, पण ती बोगस निघाली. सकाळी फुल असतो, चार वाजेपर्यंत लाल होतो."

लगेच फोन उघडून बॅटरी बदलली असती तर माझे पैसे सुटले असते. पण बोलता बोलता ते एक वाक्य बोलून गेले आणि मी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. "आत इतकी थंडी असते, जॅकेट घालून काम करतो, तरी खिशातला फोन गरम लागतो."

थंडीने बॅटरी उतरते हे खरं आहे. लिथियमची बॅटरी गार पडली की कमी ताकद देते, टक्के झपकन खाली येतात, कधी फोन बंदच पडतो. पण तो थंडगार असतो, आणि बाहेर उबेला आला की गेलेले बरेचसे टक्के परत दिसतात. गरम फोनाची गोष्ट वेगळी. खिशात पडल्या पडल्या तो गरम होतोय, म्हणजे आत कोणीतरी काम करतंय.

मी सेटिंग्जमध्ये जाऊन `Battery usage` उघडलं. त्यांनी ते आधीच पाहिलं होतं. "वर तो फोटो बॅकअपचा अ‍ॅप दिसतो ना, तोच खातो सगळं. काढून टाकणार होतो, पण साहेबांनी टाकायला लावलाय." खरंच, यादीत तोच सगळ्यात वर होता. स्क्रीनवर एक मिनिटसुद्धा नाही आणि बॅकग्राउंडला पावणेपाच तास. अशी जोडी दिसली की कोणीही त्याच अ‍ॅपला धरेल. पण यादी फक्त कोणी खाल्लं ते सांगते. कधी खाल्लं ते वरच्या आलेखात असतं, आणि तो आलेख फार कमी लोक बघतात.

त्यांच्या फोनवर दर दोन तासांची एक पट्टी होती. (सगळ्या कंपन्यांचा हा स्क्रीन सारखा नसतो. काही फोनांत पट्ट्यांऐवजी एकच उतरती रेघ असते, काहींत पूर्ण चार्ज झाला की मागची यादी पुसली जाते. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगते, फोन दाखवायचा असेल त्या दिवशी मध्येच फुल चार्ज करू नका.) मी कागद घेतला आणि पट्ट्यांवरचे आकडे एकाखाली एक लिहिले. सकाळी सहाला 100, आठला 97, दहाला 75, बाराला 51, दोनला 46, चारला 23.

कागद त्यांच्याकडे फिरवला आणि विचारलं, "दादा, बारा ते दोन तुम्ही कुठे होता?"

"जेवण, आणि मग बाहेर कंटेनर भरत होतो."

"आणि आठ ते बारा?"

"आत. चेंबरमध्ये."

बाहेरच्या दोन तासांत 5 टक्के, आतल्या दोन तासांत 22 ते 24. आदल्या रात्रीची पट्टीही पाहिली. फोन उशाशी, डेटा चालू, रात्री अकराला 64 आणि पहाटे पाचला 61. सहा तासांत तीन टक्के. बोगस बॅटरी रात्री अशी शहाण्यासारखी वागत नाही, ती झोपेतही गळते. बॅटरी बदलण्याचा विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

मग मी एकेक पट्टी दाबली. पट्टी दाबली की खालची यादी फक्त त्या दोन तासांची होते. बारा ते दोनच्या पट्टीत बॅकअपचा अ‍ॅप होता, पण चार मिनिटांपुरता. म्हणजे बाहेर आल्यावर त्याने साचलेले फोटो भराभर वर चढवले आणि गप्प बसला. आठ ते दहाच्या पट्टीत तोच अ‍ॅप जवळजवळ पूर्ण दोन तास जागा होता. अ‍ॅपच बिघडलेला असता तर तो बाहेरही तसाच वागला असता, रात्रीही वागला असता.

आता यादीच्या वरचा पर्याय `View by apps` वरून `View by systems` वर नेला. हे बटण बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. तिथे `Screen` बरंच खाली होतं, कारण दिवसभरात स्क्रीन पाऊण तासही चालू नव्हती. सगळ्यात वर होतं `Mobile network`. हे आणि बॅकअपचा अ‍ॅप दोन्ही एकाच वेळी वर येत होते आणि एकाच वेळी खाली जात होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बहुतेक फोनांत ही टक्केवारी मीटर लावून मोजलेली नसते. अमुक भाग इतका वेळ चालला तर साधारण इतकी वीज लागते, असा कंपनीने भरलेला हिशोब असतो. अ‍ॅपने डेटा पाठवायला रेडिओ जागा ठेवला तर तो खर्च कधी अ‍ॅपच्या नावावर पडतो, कधी नेटवर्कच्या. त्यामुळे ही दोन नावं एकत्र वर दिसली तर मी ती वेगळी वाचत नाही.

त्यांना मी विचारलं, चेंबरच्या भिंती कशाच्या आहेत? "पफ पॅनलच्या." पफ पॅनल म्हणजे मधे फोम आणि दोन्ही बाजूंना पत्रा. भिंती तशाच, छत तसंच, दारही तसंच. दार लागलं की माणूस पत्र्याच्या डब्यात बंद होतो, आणि मोबाइलच्या लहरी पत्र्यातून जात नाहीत. फटीतून, दार उघडल्यावर, जे काय थोडं आत येईल तेवढंच.

फोनचा त्रास असा की टॉवरला त्याचा आवाज नीट ऐकू गेला नाही तर तो मोठ्याने बोलायला लागतो. टॉवर जवळ असेल तर अगदी थोड्या ताकदीत काम भागतं. सिग्नल क्षीण झाला की तो ताकद वाढवत नेतो, 4जीवर साधारण 200 मिलिवॉटपर्यंत. बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट जास्त जातं, आणि त्यातलं बरंचसं उष्णता होऊन बाहेर पडतं. खिशातली ऊब ती हीच. त्यात हे दर पॅलेटचा, लेबलचा, तापमानाच्या काट्याचा फोटो काढत होते. अ‍ॅप तो वर पाठवायला घ्यायचा, मध्येच कनेक्शन तुटायचं, अ‍ॅप पुन्हा पाठवायला घ्यायचा. फोनला झोप म्हणून मिळत नव्हती.

पण हे सगळं दुकानात बसून झालं. चेंबर काही मी पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांना सिग्नलचा आकडा कुठे बघायचा ते दाखवलं: `About phone` मध्ये `SIM status`, तिथे `Signal strength`. वरच्या काड्यांवर माझा विश्वास नाही, किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या ते ज्याची त्याची कंपनी ठरवते. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल वाईट. उणे 90 च्या आसपास असला की चांगलं चाललंय, उणे 110 च्या पलीकडे गेला की फोन धडपडतोय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोनवर आकडे वाचून दाखवले. गेटबाहेर उणे 88, आत दार लावून उणे 121. फरक 33 चा. दर दहाला सिग्नल दहा पटीने घटतो, म्हणजे तीसला हजार पट आणि वरच्या तीनला आणखी दुप्पट. आतला सिग्नल बाहेरच्या दोन हजारावा हिस्सा होता. आणि त्यांचं दुसरं सिम आत `Out of service` होतं. ज्या सिमवर महिन्यातून एखादा फोन येतो, तेही दिवसभर टॉवर शोधत बसलं होतं.

तरी मला अ‍ॅपचा वाटा किती आणि जागेचा किती हे वेगळं करून बघायचं होतं. म्हणून दोन्ही गोष्टी एकदम करू नका असं सांगितलं. पहिल्या दिवशी फक्त बॅकअप `Wi-Fi only` वर ठेवला, बाकी काही हलवलं नाही. आठ ते दहात 22 ऐवजी 13 टक्के गेले. दुसऱ्या दिवशी त्यात भर म्हणून चेंबरमध्ये जाताना फ्लाइट मोड. आठ ते दहात 3 टक्के. म्हणजे अ‍ॅप काढून टाकला असता तरी निम्म्याहून अधिक गळती तशीच राहिली असती, आणि साहेबांची बोलणी खावी लागली असती ती वेगळीच.

फ्लाइट मोडचं नाव काढल्यावर ते आधी नाराजच झाले होते. "मालकांचा फोन आला तर?" मी म्हटलं, उणे 121 वर तसाही किती वेळा लागतो? ते जरा थांबले आणि म्हणाले, "खरंय, लागतच नाही. बाहेर आल्यावर मिस्ड कॉलचे मेसेज येतात." फोटोंचीही काळजी होती. कॅमेऱ्याला नेटवर्क लागत नाही, फोटो फोनमध्येच राहतात आणि वायफाय मिळालं की चढतात, हे दुकानातच करून दाखवलं. ऑफिसातलं वायफाय चेंबरबाहेरच्या खोलीपर्यंत येतं. त्यांच्या सिमवर आणि फोनवर वायफाय कॉलिंग चालत होतं, ते चालू करून दिलं. आता फोटो काढायचे नसतील तेव्हा फोन त्या खोलीत फळीवर असतो, फ्लाइट मोड आणि वायफाय चालू. कॉल आला की तिथली मुलगी दाराशी येऊन बेल वाजवते. दुसरं सिम सीझनभर बंद. वायफाय आत मात्र जात नाही, तेही पत्र्यालाच अडतं. त्यासाठी चेंबरमध्ये वेगळा राउटर बसवावा लागेल आणि तो खर्च मालकांचा आहे.

पुढच्या आठवड्यात ते सोबतच्या एका पोराला घेऊन आले. तोही त्याच चेंबरमध्ये काम करतो आणि त्याचीही तक्रार तीच. "यालाही फ्लाइट मोड सांगा," ते म्हणाले. मी त्याचा आलेख उघडला. दिवसाचा उतार होताच, पण रात्री अकराला 70 असलेला फोन पहाटे पाचला 38 वर आला होता. घरी, पूर्ण सिग्नलमध्ये, तो झोपलेला असताना. रात्रीची पट्टी दाबली तर एक टॉर्चचा अ‍ॅप, स्क्रीनवर शून्य मिनिटं, बॅकग्राउंडला जवळजवळ सहा तास, आणि `Mobile network` पार तळाला. टॉर्च तर फोनमध्ये असतोच, मग हा कशाला घेतला, असं विचारलं तर त्याला तो कधी आला तेच आठवेना. परवानग्या पाहिल्या तर त्यात लोकेशनही दिलेलं. तो मी तिथेच काढला आणि फोन रात्रीपुरता घरीच बघायला सांगितलं. सकाळी त्याचा मेसेज आला: रात्री 80, पहाटे 77. दिवसासाठी त्यालाही फ्लाइट मोड लागणारच होता, चेंबर तेच आहे.