एक टक्का कुठे गेला?

सोसायटीच्या वार्षिक सभेत भांडणं ठरलेली असतात: पार्किंग, गळती आणि चौथ्या मजल्यावरचा कुत्रा. यंदा मी खजिनदार. त्यामुळे या तिन्हींपैकी काहीच माझ्या अंगावर येणार नाही, अशा समाधानात मी खर्चाचा तक्ता वाटला आणि चहाची वाट बघत बसले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, खाली शंभर लिहिलंयस. बेरीज नव्व्याण्णव होतेय."

काका बँकेतून निवृत्त झालेले. कागदावर उभी आकड्यांची रांग दिसली की त्यांचं पेन्सिलीचं टोक आपोआप वरून खाली उतरत येतं. त्यांच्या मागे कुणीतरी पुटपुटलं, "एक टक्का म्हणजे बारा हजार झाले की." त्यानंतर कुत्र्याचा विषय निघालाच नाही.

तक्ता असा होता. वर्षाचा खर्च बारा लाख. सुरक्षारक्षक ४,२५,०००, सफाई १,९६,०००, पाणी १,७२,०००, वीज १,४८,०००, लिफ्ट १,०८,०००, दुरुस्ती १,०६,००० आणि किरकोळ ४५,०००. शेजारच्या स्तंभात टक्के, अनुक्रमे ३५, १६, १४, १२, ९, ९ आणि ४. मी पुन्हा बेरीज केली. नव्व्याण्णव. रुपयांची केली, तर बरोबर बारा लाख. पैसे जागच्या जागी होते, टक्के मात्र कमी पडत होते.

घोळ एक्सेलने घातला म्हणावं, तर ते तितकंसं खरं नाही. सुरक्षारक्षकांच्या खान्यात त्याने ३५.४१६६... हा आकडा पोटात ठेवला होता आणि मला फक्त ३५ दाखवला होता, कारण दशांश नकोत असं मीच सांगितलं होतं. खालची बेरीज त्याने पोटातल्या आकड्यांची केली, म्हणून ती शंभर आली. काकांनी कागदावर दिसणाऱ्या आकड्यांची केली, म्हणून ती नव्व्याण्णव आली. आपापल्या जागी दोघंही बरोबर, आणि कागदावर सही माझी.

सात ओळींपैकी चार ओळींचा अपूर्णांक अर्ध्याच्या खाली होता, तो कापला गेला. सुरक्षेचे ०.४२ गेले, सफाई, पाणी आणि वीज यांचे प्रत्येकी ०.३३. लिफ्ट नेमकी नऊवर उभी होती, तिचं काही गेलं नाही आणि काही मिळालंही नाही. दुरुस्ती ८.८३ वरून नऊ झाली आणि किरकोळ ३.७५ वरून चार. कापलेले १.४२, चढवलेले ०.४२. तो एक टक्का कुणी खाल्ला नव्हता, तो चार ओळींमधून थोडा थोडा झिरपला होता.

मी उभी राहून हे सांगितलं. सभेला ते पटलं नाही. सभांना अपूर्णांक पटत नाहीत.

काकांना मात्र पटलं, आणि म्हणूनच ते जास्त अस्वस्थ झाले. त्यांच्या नोकरीच्या काळात दिवसअखेर ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जात नसे. फरक नऊने भागला गेला की कुणीतरी ५४ चे ४५ लिहिलेत हे ओळखायचं. फरकाचं निम्मं करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, ती जमेऐवजी नावे पडलेली असते. रुपयाचा फरकही सोडायचा नाही, कारण त्या रुपयाआड दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. "फरक आहे पण चूक नाही, असं आम्हाला कुणी शिकवलंच नाही," ते म्हणाले.

मला हे वाक्य घरापर्यंत पुरलं. चूक आणि झिरपणं यांत भेद करायचा कसा? एक हद्द घालता येते. पूर्ण टक्क्यांत लिहिताना एका ओळीत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. सात ओळी असतील तर सगळ्यांनी संगनमत केलं तरी साडेतीन, म्हणजे बेरीज ९७ पासून १०३ पर्यंत जाऊ शकते. ९६ आली तर समजावं की ओळ गळलीय किंवा आकडा चुकलाय. प्रत्यक्षात ओळी संगनमत करत नाहीत, काही वर जातात, काही खाली येतात, म्हणून फरक बहुतेकदा एकाचाच राहतो. पण काकांचं म्हणणंही खोडता येत नाही. एकाचाच फरक आहे म्हणून चूक नाहीच, असं ठरत नाही. त्यासाठी मूळ रुपयांचीच बेरीज करावी लागते, आणि ती पैशापर्यंत जुळावी लागते.

मग माझ्या मनात आलं, आमच्यासारख्या छत्तीस बिऱ्हाडांच्या सोसायटीची ही गत, तर देशाचं काय होत असेल? रात्री २०११ च्या जनगणनेची धर्मनिहाय आकडेवारी काढून बसले. ती २०१५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. सरकारी पत्रकात आकडे कोटींत होते. हिंदू ९६.६३, मुस्लिम १७.२२, ख्रिस्ती २.७८, शीख २.०८, बौद्ध ०.८४, जैन ०.४५, इतर धर्म ०.७९, धर्म न सांगितलेले ०.२९. एकूण १२१.०९ कोटी. काकांच्या पेन्सिलीने वरून खाली आले. १२१.०८.

एक लाख माणसं कमी! आणि हे शेवटच्या माणसापर्यंत मोजलेलं खातं. मूळ तक्त्यात एकूण १,२१,०८,५४,९७७ आहेत आणि आठही गटांची बेरीज अगदी तेवढीच येते, एकही माणूस इकडचा तिकडे नाही.

टक्क्यांकडे वळले तर आणखी मजा. पूर्ण टक्के घेतले तर ८०, १४, २, २, १, ०, १, ०. बेरीज शंभर. इथे जैन आणि धर्म न सांगितलेले शून्य झाले, ही वेगळीच गंमत, ४४ लाखांहून अधिक जैन पूर्णांकात मावले नाहीत. एक दशांश घेतला तर ७९.८, १४.२, २.३, १.७, ०.७, ०.४, ०.७, ०.२. बेरीज पुन्हा शंभर. मला वाटलं, दशांश वाढवत नेले की बेरीज अधिकच घट्ट बसणार. दोन दशांश घेतले. ७९.८०, १४.२३, २.३०, १.७२, ०.७०, ०.३७, ०.६६, ०.२४.

बेरीज १००.०२.

अचूकता वाढवली आणि बेरीज बिघडली. कारण साधंच होतं. त्या तिसऱ्या दशांशावर आठांपैकी सात गट वरच्या बाजूला ओढले गेले, एकटे शीख खाली आले. नाणं आठदा उडवून सातदा छापा पडावा, तसं. ०.०२ टक्के ऐकायला किरकोळ, पण १२१ कोटींचे ते जवळजवळ दोन लाख बेचाळीस हजार होतात. कोटींच्या स्तंभात लाखभर माणसं हरवली होती, आणि इथे त्यांच्या दुपटीहून जास्त नवी जन्मली होती. एकाच देशात, एकाच मोजणीत.

हे किती वेळा होतं, याचाही हिशेब लोकांनी केलाय. मॉस्टेलर, यूट्झ आणि झान या तिघांनी १९६७ मध्ये यावर एक शोधनिबंधच लिहिला. दोनच ओळी असतील तर बेरीज जवळजवळ नेहमी शंभर येते, कारण एक जेवढी वर जाते तेवढीच दुसरी खाली येते. तीन ओळी झाल्या की साधारण चारांत तीनदा, चार ओळींना तीनांत दोनदा, आणि आठ ओळींपर्यंत पोचलो की निम्म्या वेळाच. हे वाचल्यापासून माझी नजर बिघडली आहे. एखाद्या जाड अहवालात वीस तक्ते आणि विसांच्या वीस बेरजा तंतोतंत १००.० दिसल्या, की मला वाटतं, कुणीतरी रात्री बसून हात फिरवलाय.

हात फिरवायचा मोह मलाही झाला होता. सगळ्यात सोपी जागा म्हणजे किरकोळ. त्याचे चारचे पाच केले की झालं, कोण बघतंय? पण किरकोळ मुळात पावणेचार. पाच लिहिले म्हणजे पंचेचाळीस हजारांचे साठ हजार दिसणार, आणि किरकोळ खर्च हाच तर सभेचा आवडता संशयित. दुसरी रीत न्यायाची वाटते. आधी सगळ्यांचे अपूर्णांक कापून टाकायचे, माझ्या तक्त्यात तेव्हा ९७ उरतात. मग राहिलेले तीन टक्के ज्यांचा कापलेला तुकडा मोठा त्यांना क्रमाने द्यायचे. दुरुस्तीला एक, किरकोळला एक आणि तिसरा सुरक्षेला, कारण तिचा ०.४२ पुढचा. बेरीज शंभर. पण ३५.४२ ला ३६ लिहिलं की पुढच्या सभेत कुणीतरी विचारणार, वॉचमनचा पगार वाढवला का?

शिवाय ही रीत विचित्र वागू शकते. अमेरिकेत राज्यांना संसदेतल्या जागा याच पद्धतीने वाटत. १८८० च्या जनगणनेनंतर तिथल्या सीटन नावाच्या कारकुनाने वेगवेगळ्या संख्या लावून पाहिल्या, तर एकूण २९९ जागा धरल्या की अलाबामाला आठ येत होत्या, आणि ३०० धरल्या की सात. ताटात पोळी वाढली आणि एकाची कमी झाली. आमच्या सभेत असं झालं असतं तर पोलीस बोलवावे लागले असते.

रविवारी काका खाली बाकावर भेटले. मी म्हटलं, "काका, तळटीप घालते, पूर्णांकनामुळे बेरीज जुळेलच असं नाही."

"तळटीप कोण वाचतं? दशांश दे."

मी मोबाइलवरच दिला. ३५.४, १६.३, १४.३, १२.३, ९.०, ८.८, ३.८. काकांनी वर्तमानपत्राच्या समासात बेरीज मांडली. ९९.९.

"बाराशे रुपये," ते म्हणाले. "अजून एक दे."

९९.९९. एकशेवीस रुपये. तिसरा दशांश घेतला, ९९.९९९. बारा रुपये. सुरक्षा, सफाई, पाणी, वीज आणि दुरुस्ती, पाचही ओळींचा अपूर्णांक न संपणारा निघाला. या तक्त्यात कितीही पुढे गेलं तरी शेवटच्या घरात एक कमी पडत राहणार होता. काकांनी ते पाहिलं, पेन्सिल खिशात टाकली आणि टपरीकडे हात केला.

"बारा रुपयांवर थांबू. एका चहाचे धरू. दुसऱ्याचे तू दे."