कणकुंबीत हायब्रिड अडकली: मोठी बॅटरी ठणठणीत, छोटी मेलेली

बेळगाव-जांबोटी-कणकुंबी असा पावसाळी दौरा होता, पुढं चोर्ला घाटातून गोव्यात उतरायचं होतं. रस्ता, धुकं, माऊलीचं देऊळ सगळं मस्तच, त्यावर लिहिणारे बरेच आहेत. मी लिहितोय ते सकाळी गाडीनं जे केलं त्यावर, कारण आता आपल्या भागात स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या, बऱ्याच दिसायला लागल्यात आणि हे कुणालाही होऊ शकतं.

आदल्या संध्याकाळी गाडी झकास चालली, मोठ्या बॅटरीचा काटा अर्ध्याच्या वर. सकाळी रिमोट दाबला तर काहीच नाही. रिमोटच्या आत लपलेली लोखंडी चावी काढून ड्रायव्हरचं दार उघडलं, ब्रेक दाबून बटण दाबलं तर डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लुकलुकले, आतून टिकटिक आवाज, आणि गाडी चालायला तयार असल्याची READY ही खूण काही येईना. दिवे एवढे पेटले की घरच्यांना वाटलं हायब्रिड सिस्टीमच गेली, आता लाखाचा खर्च. तसं नव्हतं.

गाडी ओढणारी मोठी बॅटरी बंद गाडीत दोन रिलेंच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांच्या, मागं कुलूपबंद असते, आणि ते रिले ओढायचं, कॉम्प्युटर जागे करायचं काम बारा व्होल्टची छोटी बॅटरी करते. ती बसली की मोठीत कितीही चार्ज असू दे, तिच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. आणि आधी इशारा का मिळत नाही, तर साध्या गाडीत स्टार्टर घरघरतो, जड फिरतो, त्यावरून आठवडाभर आधी कळतं. इथं इंजिन मोठ्या बॅटरीवर फिरतं, छोटीला फक्त कॉम्प्युटर उठवायचे असतात, त्यामुळं ती अगदी शेवटच्या दमापर्यंत काम भागवते आणि एका सकाळी एकदम हात वर करते. आमची चार वर्षांची होती.

धक्का मारून ही गाडी चालू होत नाही, गिअर P मधून निघतसुद्धा नाही, म्हणून टो करायची तर फ्लॅटबेडच लागते. ती बेळगावहून येणार, त्यात फोनची रेंज येऊन जाऊन.

शेजारच्या घरातले मामा म्हणाले, "आमची जीप हाय की, लावूया केबल." छोटी बॅटरी आमच्या गाडीत डिकीत आहे आणि डिकीचं लॉक इलेक्ट्रिक, पण बॉनेटखाली फ्यूजबॉक्सात लाल झाकणाचं जंप टर्मिनल दिलंय (तुमच्या गाडीत कुठाय ते मॅन्युअलमध्ये आधीच बघून ठेवा). मल्टिमीटर तिथं लावला तर १०.४ व्होल्ट, भरलेली असती तर १२.६ च्या आसपास दिसलं असतं. लाल केबल आधी आमच्या टर्मिनलला, मग जीपच्या प्लसला, काळी जीपच्या मायनसला आणि शेवटचं टोक आमच्या इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या बोल्टला. पाच मिनिटं थांबलो, ब्रेक, बटण, READY आला! केबल उलट्या क्रमानं काढल्या, मीटर बघितला तर १४.१, म्हणजे मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज द्यायचा कन्व्हर्टर बरोबर चालू होता आणि दोष नुसत्या छोट्या बॅटरीत.

मदत घेताना ट्रॅक्टर, जीप, कार चालते, पण ऊसाच्या मोठ्या ट्रकला केबल लावू नका, त्यांची सिस्टीम २४ व्होल्टची असते, कॉम्प्युटर जळतील. आणि उलट, आपल्या हायब्रिडवरून दुसऱ्याची गाडी जंप करून देऊ नका, तो कन्व्हर्टर स्टार्टरचा करंट सोसायला बनवलेला नाही.

गोवा रद्द केलं आणि बेळगावला परत, वाटेत कुठंही गाडी बंद केली नाही. बॅटरीवाल्याकडं थोडी थांबवून मोजली तर १२.३, बघायला बरी वाटते, पण बॅटरीवर मोठा भार टाकून बघणारा लोड टेस्टर लावल्यावर ९ च्या खाली कोसळली. म्हणून नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, लोड टेस्ट मागूनच घ्या. एक दुकानदार साधी पाण्याची बॅटरी बसवायला निघाला होता, स्वस्त आहे म्हणून, मी नको म्हटलं. आमची डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत आहे, तिथं सीलबंद एजीएमच लागते आणि गॅस बाहेर नेणारी बारीक नळी परत जोडावी लागते. दुसऱ्या दुकानात तशी मिळाली, नळी जोडलेली मी स्वतः वाकून बघितली.

या बाजूला जाणार असाल तर जांबोटी सोडायच्या आधी सोय करा. छोटा जंप स्टार्टर पॅक पुरतो, कारण इंजिन फिरवायचं नसतंच, फक्त डिकीत ठेवू नका, डिकीच उघडत नसते! बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर निघायच्या आधी लोड टेस्ट. मुक्कामावर गाणी लावून बसायचं तर READY मध्ये बसा, नुसत्या ऍक्सेसरीवर सगळा भार छोटीवर येतो. READY मध्ये इंजिन मधेच आपोआप चालू होतं, तेव्हा गाडी बंद शेडमध्ये नको. आणि नवीन बॅटरी बसल्यावर काचांचं ऑटो चालेना झालं तर घाबरू नका, काच पूर्ण वर नेऊन स्विच थोडा वेळ ओढून धरला की आमच्या गाडीत ते परत सुरू झालं.