दहा काठ्या आणि एक दळण

टॅरोच्या अठ्ठ्याहत्तर पत्त्यांत ‘टेन ऑफ वाँड्स’ समजावून सांगावा लागत नाही. समोर पडला की बायका आधी हसतात आणि मग म्हणतात, “ही मीच.” वास्तविक चित्रात पुरुष आहे. कमरेत वाकलाय, दहा लांब काठ्या दोन्ही हातांनी कवटाळून चाललाय, आणि त्याचं तोंड त्या काठ्यांत पार बुडालंय. पलीकडे झाडं आहेत, घर आहे, वर स्वच्छ आकाश आहे. यातलं काहीच त्याला दिसत नसणार.

हे चित्र काढलं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने. गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून तिने हा संच चितारला आणि 1909 साली लंडनच्या रायडर कंपनीने तो बाजारात आणला. ते काम संपवल्यावर तिने एका परिचिताला पत्र लिहिलं होतं, त्याचा आशय असा, की काम डोंगराएवढं होतं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. हा पत्ता रंगवताना तिच्या मनात काय होतं हे सांगता येणार नाही, पण मला ते पत्र इथे आठवतंच.

मी ओळखीपाळखीत पत्ते मांडते, दक्षिणा घेत नाही. भविष्य त्यात दिसतं असंही मी म्हणत नाही. ठरलेली चित्रं समोर आली की माणूस स्वतःबद्दल जरा आडवळणाने आणि म्हणून जास्त खरं बोलतो, एवढाच माझा अनुभव. या पत्त्यावर “काळ कठीण आहे, अमुक उपाय करा, एवढे पैसे लागतील” असं कुणी म्हणालं तर पर्स बंद करून उठावं. आणि थकवा झोपूनही जात नसेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावं. ते काम पत्त्यांचं नाही.

माझ्या एका मैत्रिणीने मागे विचारलं, “यातलं मी खाली काय ठेवू, ते सांग.” प्रश्न चांगला होता. बहुतेक जण “हे कधी संपेल” असं विचारतात आणि त्याला पत्त्यांकडे उत्तर नसतं. मी तो पत्ता शोधून मुद्दाम मधोमध ठेवला आणि तिला म्हटलं, आधी काठ्यांना नावं दे. कागदावर एकेक लिही, पण ‘घरचं सगळं’ असं लिहायचं नाही.

तिने लिहिलं. सासूबाईंचं इन्सुलिन, दोन वेळा. डबे. मुलाचा अभ्यास. दळण. कामवाली आली नाही की भांडी. सासऱ्यांचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. सोसायटीच्या हळदीकुंकवाची वर्गणी. नणंदेच्या घरच्या प्रत्येक कार्यात आहेर काय द्यायचा ते ठरवणं. आठवीनंतर ती अडली. मग म्हणाली, “आणि हे सगळं लक्षात ठेवणं.” ती नववी काठी. दहावी तिला सुचेना आणि मीही सुचवली नाही.

या चित्रातल्या एका गोष्टीवर मी नेहमी बोट ठेवते. मोळी बांधलेली नाही. आपल्याकडे डोंगरातून सरपण आणणारी बाई एवढंच ओझं डोक्यावर घेते, पण दोरीने आवळून, खाली चुंबळ ठेवून. तिची मान ताठ असते आणि वाट दिसत असते. या गड्याने काठ्या सुट्याच छातीशी धरल्यात. एक काढायला गेला तर सगळ्या घसरतील, या भीतीने तो एकही काढत नाही. घरात दमलेल्या माणसाचं हेच होतं. कामं जड असतात हे खरंच, पण ती सुटी असतात आणि ती नववी काठी एकाच माणसाच्या डोक्यात असते.

वेट यांनी आपल्या पुस्तकात या पत्त्याखाली एक विचित्र वाक्य लिहून ठेवलंय: तो माणूस जिथे निघालाय, त्या जागेलाच या काठ्यांचा त्रास होऊ शकेल. पूर्वी मला ते उगाच भीती घालणारं वाटे. आता मैत्रिणीच्या घरात संध्याकाळी सातनंतर कुणी तिच्याशी बोलायला धजत नाही हे पाहिल्यावर पटतं. काठ्या ती घरासाठीच वाहते आणि आदळतातही त्या घरावरच.

मग मधल्या पत्त्याभोवती तीन पत्ते काढले. डावीकडे ‘खरंच माझं काय’, उजवीकडे ‘हातातून जाऊ शकेल असं काय’, खाली ‘अडतं कुठे’.

डावीकडे सिक्स ऑफ कप्स आला. मोठं मूल लहान मुलाला फुलांनी भरलेला पेला देतंय. ती बघताक्षणी म्हणाली, “पोराचा अभ्यास. तो मी कुणाला देणार नाही, मला आवडतो.” मला वाटलं होतं ती इन्सुलिन म्हणेल. इन्सुलिन चुकवून चालणार नाही, पण ते तिनेच टोचलं पाहिजे असं कुठे आहे? खाली ठेवणं वेगळं आणि दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं.

उजवीकडे थ्री ऑफ पेंटॅकल्स. चर्चच्या कमानीत कारागीर बाकावर उभा आहे आणि खाली दोघे नकाशा धरून त्याच्याशी बोलताहेत. या पत्त्यावर वाचणारे ‘सगळ्यांनी मिळून करा’ म्हणून मोकळे होतात. मला त्यातला नकाशा महत्त्वाचा वाटतो, कारण तो दुसऱ्यांच्या हातात आहे. नवऱ्याला “गिरणीत जाऊन ये” म्हणणं म्हणजे काठी देणं नव्हे. पीठ कधी संपतं, गहू कुठल्या डब्यात, कधी निवडायचे, हे त्याच्या डोक्यात गेलं तर दळण गेलं. नाहीतर तो नुसता हमाल आणि नववी काठी आणखी जाड.

खाली फोर ऑफ पेंटॅकल्स. एक नाणं छातीशी कवटाळलेलं, एक डोक्यावर, दोन पायांखाली. हा माणूस हललाच तर काहीतरी सुटणार. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “दुसऱ्याने केलेलं मला आवडत नाही, हे तुझ्या पत्त्याला कसं कळलं?” पत्त्याला काही कळत नाही, तिलाच ते बोलायचं होतं.

आम्ही कागदावरच्या प्रत्येक काठीला एकच प्रश्न विचारला: ही ठेवली तर दुखेल कुणाला? आहेर ठरवण्याने दुखत नव्हतं कुणालाच, नणंद थोडी फुरंगटेल इतकंच. ती काठी सरळ जमिनीवर. वर्गणी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे. हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, तो सासरे आणि नातू मिळून करतील. दळण नवऱ्याकडे, नकाशासकट. इन्सुलिन आधी रात्रीचं त्याच्याकडे, सकाळचं तूर्त तिच्याकडेच. भांड्यांचं काही सुचलं नाही, ती तशीच राहिली.

पहिल्या खेपेला त्याने गहू न निवडताच दिले. भाकऱ्यांसाठी ज्वारी न्यायची तर विसरलाच. तिने फोन करून मला हे सगळं चढ्या आवाजात ऐकवलं, त्याला मात्र काही बोलली नाही. पुढच्या रविवारी तो डबा घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “गव्हात सोयाबीन घालायचं का गं?”

“तुझं दळण आहे, तू ठरव,” म्हणे ती म्हणाली. त्याने भरपूर घातलं. आठवडाभर त्या पोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या.