खळ्यातला दिवा आणि टिकटिकणारा रिले

चिपळूणच्या बाजारात मी आयुष्यभर रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद करताना विकायला जिवावर आलेला माल घरी आला आणि पोटमाळ्यावर तीन डब्यांत जाऊन बसला. यंदा मे महिन्यात नातू पुण्याहून आला तो म्हणाला, "आबा, यातलं काहीतरी चालू करू या." काय करायचं ते हिनेच ठरवून टाकलं. पावसाच्या तोंडावर आमच्या खळ्यात फुरशी निघतात, आणि तिन्हीसांजेला खळ्यातला दिवा लावायची आठवण आम्हा दोघांनाही नेमकी अंधार पडल्यावर होते. दिवा आपोआप लागला पाहिजे, एवढी एकच तिची अट.

माझी अट वेगळी होती. २३० व्होल्ट घराबाहेर न्यायचे नाहीत, कारण कोकणातला पाऊस आणि पोराचे हात या दोन्हींचा मला भरवसा नाही. सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर पडून होता आणि गणपतीच्या मखराची सिलिकॉन चढवलेली एलईडी पट्टी मीटरभर उरली होती. पट्टी अर्धा अँपिअरसुद्धा खात नाही. अडॅप्टर माजघरातच ठेवायचा, खळ्यात फक्त बारा व्होल्टची वायर जाईल. मोडक्या स्टॅबिलायझरमधून १२ व्होल्टचा रिले, म्हणजे कॉईलमध्ये वीज आली की आपोआप ओढला जाणारा स्विच, काढला; डब्यात बीसी ५४७ ट्रान्झिस्टर ढिगाने होते. विकत आणला तो फक्त एलडीआर, म्हणजे उजेड पडला की ज्याचा रोध उतरतो तो नागमोडी रेघांचा चपटा मणी.

सोल्डरिंग गन तापण्याआधी मी त्याच्या हातात मल्टिमीटर दिला. भर उन्हात एलडीआर काहीशे ओहम दाखवत होता, मुठीत धरला की लाखांत जायचा. "पण दिवा नक्की कितीवर लागला पाहिजे?" त्याने विचारलं. प्रश्न बरोबर होता. संध्याकाळी ही तुळशीपुढे पणती घेऊन आली तेव्हा त्याला मीटर धरून तिथेच उभा केला. आकडा आला १२ किलोओहम. म्हणजे आमच्या घरची दिवेलागण १२ किलोओहमला होते!

जोडणी सोपी आहे. बारा व्होल्टकडून १०० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने कमीजास्त करता येणारा रोध, त्याच्या खाली एलडीआर, आणि दोघांच्या सांध्यावरून वायर ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला उघडणाऱ्या पायाला. दिवसा एलडीआरचा रोध कमी असतो, सांध्यावरचा व्होल्टेज त्यातून जमिनीला, म्हणजे अडॅप्टरच्या मायनसला, उतरतो आणि ट्रान्झिस्टर बंद राहतो. अंधार पडतो तसा हा व्होल्टेज चढतो, ट्रान्झिस्टर उघडतो, रिले ओढला जातो आणि त्याच्या संपर्कातून पट्टीला वीज मिळते. रिलेच्या कॉईलवर उलटा डायोड लावायचा, पट्टा प्लसकडे. तो कशाला, हे मी बोलून सांगितलं नाही. सुटा रिले घेतला, कॉईलची दोन टोकं त्याच्या बोटांत दिली, बारा व्होल्ट जोडले आणि काढले. तो "ओय!" करून उडालाच. बंद होताना कॉईल असा झटका मागे फेकते, आणि डायोड नसेल तर तो सगळा ट्रान्झिस्टर खातो.

एका ट्रान्झिस्टरवर रिले नीट ओढेना, नुसता कुरकुरत होता. त्याच्या कॉईलला सुमारे ३० मिलिअँपिअर लागतात. ट्रान्झिस्टरची वाढ दोनशेपट धरली तर बेसला ०.१५ मिलिअँपिअर हवेत, आणि १०० किलोओहममधून सगळे मिळून ०.१२ च येतात. हा हिशेब नातवानेच कागदावर केला. उपाय जुनाच आहे. दोन ट्रान्झिस्टर डार्लिंग्टन पद्धतीने जोडायचे, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला आणि दोघांचे कलेक्टर एकत्र. आता वाढ हजारोपट झाली. बेसला ०.६५ च्या जागी १.३ व्होल्ट लागतात, पण तेही आमच्या पथ्यावर पडलं, कारण १०० आणि १२ किलोओहमच्या सांध्यावर बरोबर तेवढेच मिळतात. टेबलावर, हाताची सावली धरून, दिवा झकास चालला.

मग तो पडवीच्या वाशाला लावला. दिवेलागण झाली आणि रिले टिकटिकटिक करत सुटला, दिवा डोळे मिचकावल्यासारखा. नातवाला वाटलं सोल्डर सुटलं. मी म्हटलं, पट्टीवर गोणपाट टाक. टाकल्याबरोबर टिकटिक थांबली, काढल्यावर परत सुरू. जोडणीत दोष असता तर गोणपाटाने फरक पडला नसता. दिवा लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडायचा, एलडीआरला वाटायचं सकाळ झाली, दिवा विझायचा, आणि परत रात्र.

रिलेला थोडी स्वतःची ओढ असते. ओढायला जेवढा व्होल्टेज लागतो, त्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर तो सुटतो, त्यामुळे संध्याकाळचा रेंगाळणारा उजेड तो निभावून नेतो. पण हातभरावरच्या पट्टीचा उजेड त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. नातवाने सुचवलं की बेस आणि जमीन यांच्यामध्ये कपॅसिटर टाकू, म्हणजे सगळं संथ होईल. टाकू दिला मी, १०० मायक्रोफॅरडचा. संथ झालं खरं. आता दिवा निवांत लागायचा आणि निवांत विझायचा, रोग तोच. दिव्याचा उजेड एलडीआरपर्यंत पोचणं थांबवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

संपलेल्या मार्कर पेनची नळी कापली, आतून काळ्या चिकटपट्टीने अस्तर केलं, तळाशी एलडीआर बसवला आणि पन्हळीखाली नळीचं तोंड उत्तरेच्या आभाळाकडे केलं. पट्टी गेली वाशाच्या दुसऱ्या बाजूला. उत्तर यासाठी की नळीत थेट ऊन शिरत नाही, नाहीतर मावळतीचं ऊन आत गेलं की दिवा उगाच उशिरा लागतो.

टिकटिक गेली, पण दिवा आता साडेसहाच्या आतच लागायला लागला. नळीमुळे उजेड कमी पोचत होता, म्हणजे १२ किलोओहमचा आकडा निरुपयोगी. पुन्हा पणतीच्या वेळी नळीसकट मोजलं, ३० किलोओहम. तेवढ्यासाठी वरचा रोध सुमारे २५० किलोओहम हवा, म्हणून प्रीसेटला २२० किलोओहमचा रोध एकसर जोडला आणि उरलेलं पेचकसाने जुळवलं. डार्लिंग्टन होता म्हणून हे चाललं, एकट्या ट्रान्झिस्टरला एवढ्या रोधामागून काही मिळालं नसतं. नातू कपॅसिटर काढायला निघाला होता, मी राहू दिला. नळीवर टॉर्चचा क्षणभर झोत मारला तरी दिवा विझत नाही, आणि पावसाळ्यात विजा चमकतात तेव्हा मला तेच हवं आहे.

सगळी जोडणी श्रीखंडाच्या डब्यात बसवली. सांध्यांना हिचं नेलपॉलिश फासलं, त्यावर थोडी बोलणी खाल्ली. वीज गेली की दिवाही जातो, ते तसंच आहे.

जूनमध्ये भर दुपारी आभाळ भरून आलं आणि दिवा लागला. तो दोष नाही, त्याला उजेडच कळतो, घड्याळ नाही. पण पुढे ऊन असूनही तो रोज थोडा थोडा लवकर लागायला लागला. फोनवर नातू म्हणाला, "आबा, एलडीआर बिघडला असेल." बिघडला असता तर बहुधा एकदम बिघडला असता, रोज थोडा थोडा नाही. शिडी लावून पाहिलं तर नळीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. कुंचल्याने साफ केलं, दिवा वेळेवर आला. आता नळीच्या तोंडाला मी तिरकी काच लावणार आहे, म्हणजे कोळी आत शिरणार नाही. काचेमुळे उजेड थोडा कमी होईल, तेव्हा गणपतीला नातू आला की पणतीच्या वेळी पुन्हा मोजायला लागेल.