साठचे आठ

काजूच्या गोदामातल्या काकांनी सांगितलं होतं साठ खोकी, मी लिहून घेतलं आठ. पणजीतल्या आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत एक जुना पंखा घरघरत असतो, तो चालू होता, आणि काका दाराशी उभे राहून बोलत होते. दुसऱ्या दिवशी मडगावच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, तेव्हा ऑफिसभर हसं झालं. मीही हसले. मन दुसरीकडे असेल, असं म्हणून सोडून दिलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कान बिघडायचं हे वय नव्हे, असं मलाच काय, मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्या डॉक्टरांनाही वाटलं.

खरं तर त्याआधी कितीतरी महिने खुणा दिसत होत्या. संध्याकाळी बसमधून उतरले की कानात कापूस घातल्यासारखं व्हायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत मोकळं व्हायचं. टीव्हीचा आवाज मी वाढवायचे आणि आई कमी करायची. चारचौघांत बोलणं ऐकू यायचं, पण शब्द निसटायचे, मग मी नुसतीच मान डोलवायचे. आणि रात्री दिवा मालवला की डाव्या बाजूला रातकिडे किर्र करायचे. एकदा आईला म्हटलं, "आज रातकिड्यांनी डोकं उठवलंय." ती म्हणाली, "कुठले गं रातकिडे? खिडक्या बंद आहेत, मला तर काही ऐकू येत नाही." ऑफिसच्या एसी खोलीतही ते रातकिडे होतेच, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी कानात बघून मळ आहे म्हणून सांगितलं आणि थेंब दिले. मळ होताही. आठवडाभराने तो काढल्यावर जग जरा लख्ख वाटलं, पण किर्र तसंच राहिलं. "टेन्शन घेऊ नका, जाईल," असं ऐकून मी परत आले आणि आणखी तीन आठवडे गेले. रोजचं ईयरफोन घालून फोंडा ते पणजी मात्र चालूच होतं. मला राग येतो तो याचा. कानात काय घालता, किती वेळ, किती मोठ्याने, हे कुणी विचारलंच नाही. आणि मीही सांगितलं नाही, कारण त्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे पाठवलं. चाचणी सोमवारी सकाळी होती. मी नेहमीसारखी बसमध्ये गाणी ऐकत पोचले. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पहिला प्रश्न हाच केला, "आज सकाळपासून कानात काही घातलं होतं?" मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "चाचणी करू, पण हा आकडा खरा धरायचा नाही. चाचणीआधी निदान चौदा-सोळा तास कान शांत ठेवावे लागतात."

चाचणी अशी असते. जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. कितीही बारीक सूर ऐकू आला तरी दाबायचं. सूर हळूहळू बारीक होत जातो आणि एका ठिकाणी तुम्ही हरता, तो आकडा कागदावर चढतो. आकडा जितका मोठा, तितका ऐकायला जास्त जोर लागतो. मोठ्या माणसांत साधारण 25 डेसिबलच्या आत असला की ठीक धरतात. माझी गंमत अशी झाली की उंच सुरांना मी सूर नसतानाही बटण दाबत सुटले, कारण माझ्या कानातलं किर्र त्याच पट्टीत वाजत होतं. बाईंनी मग सलग सुराऐवजी तुटक तुटक टिक-टिक सूर लावला. ती टिक-टिक आणि माझं सलग किर्र वेगवेगळं ओळखता आलं. तुमच्याही कानात काही वाजत असेल तर खोलीत शिरण्याआधीच तसं सांगून टाका.

मग कानामागच्या हाडावर एक छोटी कंप पावणारी चकती बसवून तेच पुन्हा केलं. हाडातून आणि हवेतून येणारे आकडे सारखेच निघाले. म्हणजे अडचण मळाची, पडद्याची, मधल्या कानाची नव्हती. ती आत, कानाच्या शंखात होती.

ऑडिओग्रामचा कागद मी फोटो काढून ठेवला आहे. वर डावीकडून खालचे सूर सुरू होतात आणि उजवीकडे उंच होत जातात. माझी रेघ 2000 हर्ट्झपर्यंत अगदी नीट, दहा-पंधरा डेसिबलवर चालते. 4000 ला डाव्या कानाची रेघ एकदम 45 वर कोसळते, 6000 ला 40 वर आणि 8000 ला पुन्हा वर चढून 20 वर येते. उजवा कान 4000 ला 35 वर. मधेच खड्डा आणि पुढे परत रस्ता. बाई म्हणाल्या, "वयाने जातं ते उजवीकडे उतरत जातं, वर येत नाही. हा खड्डा आवाजाच्या इजेची सही आहे."

4000 लाच का, तेही त्यांनी समजावलं. कानाची नळी 3000 हर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून फुगवून आत देते, आणि इजा त्या सुरांच्या थोडी वर बसते. शंखातल्या त्या जागच्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी आधी थकतात, मग मरतात. थकलेल्या सावरतात. मेलेल्या माणसात पुन्हा उगवत नाहीत, त्यावर औषध नाही. संध्याकाळचा कापूस म्हणजे थकल्याची खूण होती. मी तिला "मोकळं झालं" म्हणत राहिले आणि रोज पुन्हा थकवत राहिले.

साठचं आठ कसं झालं तेही तिथेच कळलं. स, श, फ, थ यांसारख्या अक्षरांची फुंकर उंच पट्टीत असते, स्वरांचा जोर खाली असतो. स ऐकू आला नाही की साठमधला आठच उरतो. शांत खोलीत मी शब्द बरोबर ओळखले होते. घरघरत्या पंख्यापुढे मात्र ती फुंकर पहिल्यांदा बुडते.

बाईंनी दोन आठवडे कानाला पूर्ण सुट्टी द्यायला सांगितली आणि मग पुन्हा चाचणी ठेवली. तोपर्यंत त्यांनी मला एक हिशोब करायला लावला, तो मला सगळ्यात उपयोगी पडला. माझ्या आयफोनच्या Health ॲपमध्ये Headphone Audio Levels नावाची नोंद आपोआप जमा होत असते. ईयरफोन त्याच कंपनीचे असल्याने आकडा बऱ्यापैकी भरवशाचा होता. प्रवासाच्या वेळेत माझी सरासरी 92 डेसिबल निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ऐकता येतं. त्यावर दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, आणि 92 ला अडीच तास. मी जाऊन-येऊन रोज दोन तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे बारा तास ऐकत होते. जवळजवळ पाच आठवड्यांचा कोटा एका आठवड्यात.

डावा कान जास्त का बिघडला? कारण ऑफिसात मी उजवा कान माणसांसाठी मोकळा ठेवायचे आणि डाव्यात एकच ईयरफोन असायचा.

"एवढ्या मोठ्याने का ऐकता?" या प्रश्नाला मी मान खाली घातली, पण खरं उत्तर बसमध्ये होतं. कुंडईचा चढ चढताना खाजगी बसचं इंजिन किती ओरडतं, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. वर कंडक्टरची शिट्टी आणि ड्रायव्हरची गाणी. फोनच्या ॲपवर मोजलं तर आतला आवाज 80 च्या आसपास, कधी वर. (अशी ॲपं तंतोतंत नसतात, अंदाज मात्र येतो.) माझे साधे ईयरफोन कानात सैल बसायचे, बाहेरचं सगळं आत येऊ द्यायचे, आणि गाणं त्याच्या वर यायला मी बाणस्तारीच्या पुलापर्यंत आवाज दोन खुणा वाढवलेला असायचा. पणजीत उतरल्यावर तो तसाच राहायचा. घरी आवाज कमी ठेवण्याचे कितीही निश्चय केले असते तरी बसमध्ये ते टिकले नसते.

म्हणून बदल बसपासून केला. कानाच्या नळीत घट्ट बसणारे, रबरी टोपीचे आणि बाहेरचा आवाज कापणारे ईयरफोन घेतले. इंजिनाची घरघर ते छान कापतात, हॉर्न आणि शिट्टी तितकी नाही. पहिल्या दिवशी त्याच खुणेवर गाणं लावलं तर दचकायलाच झालं, इतकं ते मोठं होतं. मग Settings मध्ये Sounds & Haptics, त्यात Headphone Safety आणि Reduce Loud Audio चालू करून मर्यादा 80 वर ठेवली. आता हात चुकून वर गेला तरी आवाज चढत नाही. रस्ता ओलांडताना आणि स्टँडवर ते कानातून काढून ठेवते, ऐकू न येण्याचे अपघात वेगळेच. ऑफिसातला एका कानाचा प्रकार बंद केला.

दोन आठवड्यांनी, या वेळी कान शांत ठेवून गेले. उजवा 4000 ला 35 वरून 20 वर आला होता, म्हणजे ठीक. डावा 45 वरून 30 वर आला आणि तिथे थांबला. गेला तो थकवा, उरला तो खड्डा. बाईंनी कागदावर 30 भोवती पेन्सिलने गोल केला आणि म्हणाल्या, "हा आकडा आता तुमचा. दरवर्षी बघायचा, वाढला तर मला कळेल." आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. एखाद्या सकाळी एक कान अचानक बंद पडला तर मळ म्हणून वाट बघायची नाही, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, कारण त्या प्रकारात लवकर दिलेल्या औषधाने फरक पडू शकतो.

शिगम्याच्या मिरवणुकीला आता फोमचे बोळे घेऊन जाते. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. नुसता टोकावर टेकवला तर काही उपयोग नाही. पहिल्या वर्षी भाऊ खूप हसला. दुसऱ्या वर्षी ताशा वाजवताना त्याने स्वतःच एक जोडी मागून घेतली.

जूनमध्ये बांदोड्याच्या घरी पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री खरे रातकिडे सुरू झाले. ओसरीवर बसून मी उजव्या कानात बोट घातलं. डाव्याने ऐकलं तर बागेतली किर्रकिर्र पातळ होती आणि माझं किर्र तिच्यात मिसळून गेलं, कुठलं माझं ते सांगता येईना. मग बोट काढलं आणि कानाची बाजू बदलली. उजव्याने ते झाडापाशी, विहिरीपाशी, वळचणीला असे वेगवेगळे ऐकू आले. आई आतून म्हणाली, "काय करतेस गं कानात बोटं घालून?" म्हटलं, "मोजतेय."